अण्णांचं कार्ड: ‘लवकर बरे व्हा’ एकदा लिहून झालं, पुढे काय?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या मशीन शॉपमध्ये कुणी आजारी पडलं की कार्ड माझ्या टेबलावर येऊन पडतं. बिलं हातानं लिहायची असायची तेव्हापासून माझं अक्षर बरं समजलं जातं, एवढंच त्याचं कारण. कार्ड कुणीतरी येता येता खडेबाजारातून आणतो. त्यावर गुलाबाचा गुच्छ आणि सोनेरी इंग्रजीत ‘गेट वेल सून’ छापलेलं असतं, आत पान कोरं. आणि त्या कोऱ्या पानावर पहिल्या माणसानं ‘लवकर बरे व्हा’ लिहिलं की पुढचे दहा जण तेच लिहितात. मग मला म्हणतात, बाई, वरती चार ओळी तुम्ही घाला की, जरा चांगल्या.

त्या चार ओळी कशा घालायच्या ते इथे सांगते. उदाहरण यंदाच्या जुलैतलंच घेते. आमचे स्टोअर सांभाळणारे अण्णा पावसात स्कूटरवरून घसरले, नडगीचं हाड मोडलं, ऑपरेशन करून आत रॉड घातला. घरी आल्यावर बाराव्या दिवशी कार्ड पोचवायचं ठरलं. माझा पहिला मसुदा असा होता:

“प्रिय अण्णा, आपल्या अपघाताची बातमी ऐकून अतिशय दुःख झाले. आपण लवकर बरे व्हावे हीच ईश्वरचरणी प्रार्थना. आपणास भरपूर आराम मिळो, लवकर आराम पडो. ईश्वर आपणास शक्ती देवो आणि आपण लवकरात लवकर बरे होऊन कामावर रुजू व्हावे.”

वाचून बघा. एवढ्याशा मजकुरात ‘लवकर’ चारदा, ‘आराम’, ‘बरे’ आणि ‘ईश्वर’ दोन-दोनदा. पहिल्यांदा मी केलं ते सगळे करतात तेच: एका ‘लवकर’च्या जागी ‘त्वरित’, एका ‘बरे’च्या जागी ‘निरोगी’, ‘आराम’च्या जागी ‘विश्रांती’. मजकूर आणखी वाईट झाला, एखाद्या परिपत्रकासारखा. तेव्हा लक्षात आलं की मराठीतले हे शब्द एकमेकांच्या जागी ठेवायचे नाहीतच. प्रत्येकाचा दुखण्यातला टप्पा ठरलेला आहे, शरीरातली जागाही ठरलेली आहे. शब्द आपल्या जागी बसला की दुसऱ्यांदा तो लागतच नाही.

आधी घरी एक फोन

म्हणून लिहायला बसण्याआधी चौकशी. दुखणाऱ्याला फोन करू नका, घरातल्या कुणाला करा. मी वहिनींना तीन गोष्टी विचारल्या. सध्या नेमकं कुठवर आलंय? दिवस कसा जातो? खाण्यापिण्याचं काय?

उत्तरं अशी मिळाली. टाके कालच निघाले, जखम कोरडी आहे. पाय उशीवर ठेवून पडून असतात, वॉकर घेऊन न्हाणीपर्यंत जातात, पायावर भार द्यायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. दुखणं आता फार नाही, कंटाळा फार आहे. दुपारी झोपावं तर कुणी ना कुणी भेटायला येतं. सकाळी नाचणीची आंबील घेतात. आणि जाता जाता वहिनी म्हणाल्या, “गोड काय पाठवू नका हं, शुगर हाय त्यांना.”

एवढ्या मिनिटभराच्या बोलण्यात कार्डाचा निम्मा मजकूर येऊन बसतो. ज्याला ही उत्तरं माहीत नाहीत त्याच्या हातात ‘लवकर बरे व्हा’शिवाय दुसरं काही उरतच नाही. शब्दसंग्रह कमी पडला असं आपल्याला वाटतं. खरं तर कमी पडलेली असते बातमी.

बरं होण्याच्या पायऱ्या

आता शब्द. आपल्याकडे माणूस एकदम बरा होत नाही. आधी दुखण्याला उतार पडतो. मग औषधाचा गुण येतो. मग माणसाला आराम वाटतो किंवा पडतो. मग तोंडाला चव येते, चेहऱ्यावर तरतरी किंवा हुशारी येते. मग तो हिंडू-फिरू लागतो. आणि सगळ्यात शेवटी ठणठणीत किंवा खडखडीत होतो. सावरणं जरा वेगळं. मोठा धक्का बसलेला माणूस सावरतो, सर्दीतून कुणी सावरत नाही.

अण्णा या जिन्यावर कुठे होते? उतार पडून गेला होता, हिंडणं-फिरणं दूर होतं. म्हणजे ‘उतार पडो’ लिहिलं तर शिळं, आणि ‘आता ठणठणीत झालात!’ लिहिलं तर उशीवर पाय ठेवून बसलेल्या माणसाची थट्टा. जो टप्पा पार झाला त्याचा उल्लेख झालेली गोष्ट म्हणून करायचा, आणि पुढचा एकच टप्पा समोर ठेवायचा. एकदम वरच्या पायरीवर उडी नको. अण्णांसाठी मागची पायरी होती टाके निघणं, आणि पुढची होती हाड जुळणं.

‘प्रकृतीत सुधारणा होवो’ मात्र मी कार्डात कधीच लिहीत नाही. ‘प्रकृती स्थिर’, ‘प्रकृतीत सुधारणा’ ही दवाखान्यानं पुढाऱ्यांबद्दल काढलेल्या पत्रकाची भाषा. शेजारच्या टेबलावरचा माणूस ती वाचून दचकतो.

बाईंना कार्ड असेल तर आणखी एक गोष्ट. ‘बरा’ हे विशेषण बदलतं. अण्णांना ‘बरे व्हा’, पण पॅकिंगमधल्या मावशींना ‘बऱ्या व्हा’. सवयीनं सगळ्यांनाच ‘बरे व्हा’ लिहिलं जातं, आणि व्याकरणाची चाड असलेल्या बाईला ते खटकतं. ‘ठणठणीत’, ‘खडखडीत’, ‘तंदुरुस्त’ हे शब्द बाई-पुरुष बघत नाहीत, अडलं तर ते घ्यावेत.

‘आराम’चं दुहेरी काम

या एका शब्दानं माझे सगळ्यात जास्त मसुदे बिघडवले आहेत. मराठीत ‘आराम करणं’ म्हणजे विश्रांती घेणं आणि ‘आराम पडणं’ म्हणजे बरं वाटू लागणं. पहिल्या मसुद्यात ‘आराम मिळो, आराम पडो’ असं मी लिहिलं, तेव्हा माझ्या मनात दोन वेगळे अर्थ होते. वाचणाऱ्याच्या कानाला तोच शब्द दोनदा ऐकू आला.

आपल्या भागात तर याला तिसरी बाजू आहे. इथल्या कानडीत ‘आराम’ म्हणजे तब्येत चांगली असणं. ‘आराम इद्दीरेनरी?’ म्हणजे बरे आहात ना? ‘आराम इल्ल’ म्हणजे बरं नाही. त्याचीच सावली आपल्या बोलण्यात पडते. बेळगावात, निपाणीत, खानापुरात ‘त्यांना आराम न्हाई’ म्हटलं की पुण्याचा माणूस समजतो बिचाऱ्याला कामातून उसंत नाही. इथे मात्र सगळे समजतात की ते आजारी आहेत. तेव्हा कार्ड इथल्या माणसाला जाणार असेल तर ‘आराम’ हा शब्द बरं होण्यासाठीच ठेवायचा आणि एकदाच वापरायचा. विश्रांतीसाठी दुसरं काही शोधायचं. सापडतं. भरपूर सापडतं.

‘हुशार’चंही तसंच आहे. शाळेतलं हुशार पोर वेगळं. चहाचा घोट पोटात गेला की येते ती हुशारी वेगळी. कानडीतही ‘हुषार इल्ल’ म्हणजे तब्येत बरी नाही. ‘चेहऱ्यावर हुशारी आलीय म्हणे’ हे वाक्य इथे मराठी आणि कानडी दोन्ही घरांत नीट पोचतं.

विश्रांती: नाव न घेता

विश्रांतीचे शब्द मोजायला बसलात तर विश्रांती, विसावा, आराम, उसंत असे चार-पाच मिळतील, आणि त्यातले निम्मे कार्डात चालणार नाहीत. ‘विसावा’ दिसायला गोड आहे, पण अंत्ययात्रा वाटेत जिथे टेकवतात त्या जागेलाही विसावाच म्हणतात. गावाकडच्या म्हाताऱ्या माणसाच्या घरी हा शब्द पाठवू नये. ‘चिरविश्रांती’ तर सगळ्यांना माहीत आहे, म्हणून ‘विश्रांती लाभो’ हेही टाळते. ‘विश्रांती घ्या’ चालतं. शब्द तोच, पण ‘लाभो’ म्हटलं की स्मशानाचा वास येतो.

विश्रांतीचं नाव घेण्यापेक्षा ती कशी घ्यायची ते लिहावं. पाठ टेकणं, लवंडणं, अंग टाकणं, डुलकी काढणं, पाय वर घेऊन बसणं, फोन उशीखाली सारणं. यातली कुठलीही दोन घ्या आणि दुखणाऱ्याच्या घरातल्या वस्तूला जोडा. अण्णांच्या बाबतीत उशी होती, दुपार होती, भेटायला येणारी माणसं होती. ‘भरपूर विश्रांती घ्या’ हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलंय, वहिनींनी सांगितलंय, बघायला आलेल्या प्रत्येकानं अर्धा तास बसून सांगितलंय.

ताकद आणि एक जुनी चूक

काही वर्षांपूर्वी आमच्या एका सहकाऱ्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. साधंच, दुर्बिणीतून. मी मोठ्या हौसेनं लिहिलं: “या प्रसंगी ईश्वर आपणास व कुटुंबीयांस शक्ती देवो.” कार्ड त्यांच्या बायकोनं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं, अर्ध्यात थांबली आणि म्हणाली, “ओ, हे काय श्रद्धांजलीचं लिवलासा काय? माणूस हितं बसलाय न्हवं!” सगळे हसले. मीही हसले, पण घरी जाऊन ते वाक्य दहा वेळा मनात म्हटलं. बाईंचं बरोबर होतं. ‘ईश्वर कुटुंबीयांना शक्ती देवो’ ऐकलं की मन पुढचं आपणच जोडतं: ‘हे दुःख सहन करण्याची’. शब्द शुभ असला तरी ज्या वाक्यात तो वर्षानुवर्षं वापरला गेला त्या वाक्याचा रंग त्याला चढतो.

तेव्हापासून ताकदीच्या शब्दांचे मी दोन गट करते. अंगाचे: ताकद, बळ, त्राण, दम, जोम. मनाचे: धीर, हिंमत, उभारी. तापातून उठलेल्याच्या अंगात त्राण नसतं. फुप्फुसाच्या दुखण्यातून उठलेल्याच्या अंगात दम नसतो. बरेच दिवस प्लॅस्टरमध्ये राहिलेल्या हाताला बळ नसतं. आपण काय झालंय ते विचारलेलं असतं, त्यामुळे शब्द आपोआप ठरतो. मनाचे शब्द जपून. ‘धीर धरा’ आणि ‘हिंमत ठेवा’ ऐकलं की माणसाला वाटतं आपल्यापासून काहीतरी लपवताहेत. नडगी मोडलेल्या अण्णांना धीराची गरज नव्हती. त्यांना कंटाळ्यावर उपाय हवा होता, म्हणून कार्डात मी मनाचा शब्दच घातला नाही, शॉपमधली बातमी घातली.

अंगाच्या शब्दातही उपदेश नको. ‘ताकदीसाठी फळं खा, दूध प्या’ असं लिहिण्यापेक्षा ते जे आधीच खाताहेत त्याला ताकदीचं श्रेय द्यावं. आंबील त्यांनी घेतली, गुण आंबिलीला दिला. घरात करणाऱ्या हातांनाही बरं वाटतं.

भरून येणं, जुळणं, उतरणं

इंग्रजीत ‘हील’ हा एक शब्द सगळ्याला पुरतो. तो मराठीत आणायला गेलं की लोक ‘उपचार’ लिहितात. उपचार म्हणजे डॉक्टर करतात ते. ‘आपले लवकर उपचार होवोत’ याचा अर्थ अजून तुम्हाला कुणी तपासलंही नाही.

आपल्याकडे दुखणाऱ्या प्रत्येक भागाला आपलं क्रियापद आहे. जखम भरून येते किंवा सुकते, तिच्यावर खपली धरते. हाड जुळतं, सांधतं, आणि आमच्याकडचे जुने लोक म्हणतात तसं ‘धरतं’. सूज ओसरते, ताप उतरतो, ठणका थांबतो, घसा मोकळा होतो, कफ सुटतो, पोट जागेवर येतं. नेमका भाग आणि त्याचं क्रियापद घेतलं तर दोन आजारांची दोन कार्डं कधी सारखी होणार नाहीत, आणि एका कार्डात एकच शब्द दोनदा येणंही अवघड होतं.

एक खड्डा सांगून ठेवते. ‘भरणं’ जखमेला लावा, दिवसांना लावू नका. आमच्या नवीन शिकाऊ पोरानं अण्णांच्या कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहून दाखवलं होतं, “तुमचे दिवस भरले की आम्ही न्यायला येतो.” त्याला म्हणायचं होतं रजेचे दिवस. मी खोडरबर त्याच्याच हातात दिला.

आणि सगळे आजार नाव घेऊन लिहायचे नसतात. हाड मोडलं, अपेंडिक्स काढलं, डेंग्यू झाला, हे उघड आहे. बायकांची ऑपरेशनं, मूळव्याध, मनाचं दुखणं यांतलं काही कार्डावर येऊ देऊ नये, कारण कार्ड कपाटावर उभं राहतं आणि येणारा-जाणारा वाचतो. तिथे भागाचा शब्द सोडून दिवसाचा शब्द घ्यावा: झोप लागू लागली, भूक लागू लागली, अंगणात बसू लागला.

वाक्यांची शेपटं

शब्द बदलूनही मजकूर एकसुरी वाटत असेल तर नामांकडे बघू नका, वाक्याच्या शेवटाकडे बघा. होवो, मिळो, लाभो, पडो, देवो. पाच वाक्यांत पाच वेगळे शब्द असले तरी शेवटी पाच ‘ओ’ असले की ती आरती होते. माझ्या पहिल्या मसुद्यात मिळो, पडो, देवो असे तीन आणि ‘व्हावे’ दोन होते, म्हणजे बातमीचं वाक्य सोडलं तर सगळी वाक्यं इच्छेची. आम्ही काय केलं, काय पाहिलं, काय करणार, हे कुठेच नव्हतं.

म्हणून नियम एवढाच: पूर्ण कार्डात इच्छेचं वाक्य एकच. बाकीच्यांपैकी एक घडून गेलेल्याचं (“टाके निघाले असं कळलं”), एक चालू असलेल्याचं (“किल्ल्या पोराकडे आहेत”), एक पुढचं (“आंबिलीनं बळ येईल”), जमलं तर एक हलकी आज्ञा (“फोन उशीखाली सारा”). मोठ्यानं वाचा. शेवटचे उच्चार वेगवेगळे पडले तर मजकूर चालतोय.

‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांचंही इथेच ठरवून टाका. वर्षानुवर्षं ज्यांना आपण ‘अण्णा, तुम्ही’ म्हणतो त्यांना कार्डात ‘आपण’ म्हटलं की ते परके होतात. मॅनेजरसाहेबांना ‘आपण’ शोभतं. बरोबरीच्याला ‘तू’ असेल तर कार्डातही ‘तू’च.

लिहून काढू

हे सगळं लावून अण्णांचं कार्ड असं झालं:

“अण्णा,
टाके निघाले, जखम कोरडी आहे, असं वहिनींकडून कळलं. तेवढ्यावर शॉपमध्ये एक चहा झाला.
आता हाड त्याच्या गतीनं जुळू दे. ते काही डिलिव्हरी चलन नव्हे, आजच्या आज सही मागायला. दुपारी फोन उशीखाली सारा, पाय उशीवर घ्या आणि बघायला कुणी आलं तर खुशाल झोपल्याचं सोंग करा. सकाळच्या आंबिलीनं पायात बळ येईलच.
स्टोअरच्या किल्ल्या शिकाऊ पोराकडे आहेत. रजिस्टरात तो तुमच्यासारखं अक्षर काढायला बघतोय, त्यामुळे काय लिहिलंय ते आता कुणालाच कळत नाही.
वॉकर सोडून गेटातून आत याल त्या दिवशी मिरची-भजी आमच्याकडून.”

भज्यांच्या जागी आधी कुंदा होता. बेळगावात आनंद म्हटला की हात आपोआप कुंद्याकडे जातो. शुगरची आठवण झाली आणि मी तो खोडला. फोन केला नसता तर कुंदा तसाच गेला असता.

यात ‘बरे’ हा शब्द एकदाही नाही, ‘लवकर’ नाही, ‘आराम’ नाही, ‘विश्रांती’ आणि ‘शक्ती’ही नाहीत. तरी चारही गोष्टी आल्या: जखम आणि हाड, दुपारची झोप, पायातलं बळ, गेटातून आत येणं. ‘लवकर’ मुद्दाम काढला. रॉड घातलेल्या पायाला घाई करून चालत नाही, आणि ‘लवकर कामावर रुजू व्हा’ हे आजारी माणसाला मालकाच्या आवाजात ऐकू येतं.

लांबी सत्तर-ऐंशी शब्द. दुमडलेल्या कार्डाच्या उजव्या पानावर त्याहून जास्त मावत नाही. देवनागरीला वर रेघ आणि मात्रा, खाली उकार, म्हणून ओळींत अंतर लागतं, आणि अण्णांना चाळिशीचा चष्मा आहे. आधी पेन्सिलीनं हलकं लिहा, मग बॉलपेननं गिरवा. जेल पेन जुलैत नको. आमचं एक कार्ड डिकीतून शहापूरपर्यंत गेलं तोवर निळं झालं होतं.

बाकीच्या दहा सह्या

डाव्या पानाचं दुखणं हेच की तिथे दहा जण दहा वेळा तेच लिहितात. ते टाळायचा उपाय सोपा आहे. कार्ड फिरवायला देताना प्रत्येकाला एकेक विषय वाटून द्या. टर्नरला सांगितलं, तू पायाबद्दल लिही. पॅकिंगच्या मावशींना सांगितलं, तुम्ही जेवणाबद्दल लिहा. शिकाऊ पोराला रजिस्टरबद्दल माफी मागायला लावली. एकाला ‘लवकर बरे व्हा’ लिहायची मोकळीक ठेवली. कुणीतरी ते लिहायलाच हवं, नाहीतर घरच्यांना चुकल्यासारखं वाटतं. टर्नरनं लिहिलं, “अण्णा, आधी डाव्या पायानं रुबाब दाखवा, उजवा मागनं येतोय.” मावशींनी लिहिलं, “तोंडाला चव आली की सांगा, पिठल्याचा डबा पाठवते.”

आमच्यात तिघे कानडी बोलणारे आहेत. त्यांना मराठीत लिहायला लावू नका आणि त्यांचं भाषांतरही करू नका. ते त्यांच्या लिपीत ‘बेग गुणमुखरागी’ लिहितात, म्हणजे लवकर बरे व्हा. औषधाचा गुण आपल्याकडे येतो, त्यांच्याकडे माणूसच गुणमुख होतो. वेल्डरनं बोलीतच लिहिलं, ‘लगून आराम आग्री अण्णा’. हेच ते आरामाचं तिसरं रूप. ते त्याच्या हातून आलेलं बरं. मुख्य मजकुरात मी ‘आराम’ वापरला नव्हता, त्यामुळे तिथे तो ताजा वाटला. ‘विश्रांती’ आणि ‘शक्ती’ हे शब्द दोन्ही भाषांत चालतात, म्हणून कानडी सह्यांत ते येणारच असं धरून मराठीत ते मोकळे ठेवले तर सगळं पान एकमेकांना पूरक होतं.

जिथे हे चालत नाही

वरच्या सगळ्या पायऱ्या पूर्ण बरं होणाऱ्या दुखण्याच्या आहेत. डायलिसिसवर असलेल्याला, मोठ्या आजाराचे उपचार चालू असलेल्याला ‘ठणठणीत व्हाल’ लिहू नये. त्याला ते खोटं वाटतं आणि ते खोटं आहे हे आपल्यालाही माहीत असतं, यातच सगळं अवघडलेपण. तिथे शब्द आजच्या दिवसापुरते घ्यावेत. ‘आज त्रास कमी असू दे.’ ‘मंगळवारच्या खेपेला रिक्षा मी सांगून ठेवलीय.’ मागच्या वर्षी अशा एका बाईंना मी कार्डात फक्त एवढंच लिहिलं होतं की तुमच्या खिडकीतल्या तुळशीला रोज पाणी मीच घालते आणि नवीन चार पानं आली आहेत. बरं होण्याचा एकही शब्द त्यात नव्हता. पुढच्या आठवड्यात त्यांनी फोन करून विचारलं, पाचवं आलं काय?

अण्णांचं कार्ड शनिवारी पोचलं. वहिनी म्हणाल्या, दोनदा वाचलं, मग उशीखाली ठेवलं. सोमवारी त्यांच्या पोराच्या हातून एक चिठ्ठी आली, अण्णांच्या त्याच न लागणाऱ्या अक्षरात. मिरची-भजी चालतील, पण १२ चे टॅप कुठल्या खणात आहेत ते पोराला माहीत नाही, तिसऱ्या रॅकच्या मागे बघायला सांगा.